एक लाख अठ्ठ्याण्णव हजारांचं देणं

२०२१ च्या ऑगस्टमध्ये माझ्या दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १ लाख ९८ हजार रुपये देणं होतं. साताऱ्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात मी कनिष्ठ लिपिक आहे. तेव्हा कपात होऊन हातात ३६ हजार यायचे. घरात आई, अण्णा, बायको, मुलगी आणि मी. ते देणं पूर्ण फिटलं २०२४ च्या ऑगस्टमध्ये. मधल्या तीन वर्षांत मला बढती मिळाली नाही, जमीन विकली नाही, कुणाकडून घबाड आलं नाही. पगारातूनच ते फिटलं. ते कसं फिटलं हे मी आकड्यांसकट सांगणार आहे, कारण माझ्यासारख्या पगारदाराला खरं शहाणपण त्या आकड्यांतच सापडतं.

देणं कसं झालं ते आधी थोडक्यात सांगतो. २०१९ मध्ये अण्णांची अँजिओप्लास्टी झाली. बायकोच्या पाटल्या विकल्या, काही रक्कम हातउसनी घेतली आणि उरलेले ८० हजार कार्डावर भरले. वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल मंजूर झालं की कार्ड फेडायचं, असा हिशेब होता. बिल मंजूर होऊन पैसे हातात यायला वर्षाहून जास्त काळ गेला. रक्कमही कापून आली, आणि ती आधी हातउसनं फेडण्यातच संपली. तोवर कार्डाचं देणं १ लाख १० हजारांवर पोहोचलं होतं.

मग २०२० चा लॉकडाऊन आला. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली आणि ती क्रेडिट कार्डालाही लागू होती. पगार वेळेवर होईल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून आम्ही ती घेतली. हप्ता थांबला, पण व्याज थांबलं नाही. त्या सहा महिन्यांत देणं तीस हजारांच्या आसपास वाढलं. त्यातल्या व्याजावरच्या व्याजाची थोडी रक्कम पुढे सरकारने परत दिली, पण मूळ व्याज आमच्याच डोक्यावर राहिलं. पहिल्या कार्डाचा भार पेलेना म्हणून दुसऱ्या कार्डावरून एटीएममधून रोख काढून पहिल्याचं बिल भरलं. अशी रोख काढली की बँका साधारण अडीच टक्के शुल्क लावतात आणि व्याज त्याच दिवसापासून धावू लागतं. खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत रोख रकमेला मिळतच नाही. अशा रीतीने पहिल्या कार्डावर १ लाख ४६ हजार आणि दुसऱ्यावर ५२ हजार झाले.

या सगळ्या काळात मी एकही बिल चुकवलं नव्हतं. दर महिन्याला ‘किमान देय रक्कम’ भरत होतो. वसुलीवाल्यांचा फोन कधी आला नाही. उलट कार्डाची मर्यादा वाढवून देऊ का, असे फोन यायचे. बँकेच्या दृष्टीने मी चांगला ग्राहक होतो.

माझं काम लेखा विभागातलं. दिवसभर खतावणी आणि पावत्या. एका रविवारी मागच्या वर्षाची सगळी बिलं छापून घेतली आणि कार्यालयात जसा ताळा घेतो तसा घरी घेतला. बिलाच्या पहिल्या पानावर एकूण देय, किमान देय आणि शेवटची तारीख एवढंच ठळक असतं. व्याज आत, खरेदीच्या यादीत, इतर नोंदींसारखंच बारीक अक्षरात असतं. त्याच्या खाली वस्तू व सेवा कराची नोंद. या दोन ओळी मी आधी कधी वेगळ्या काढल्या नव्हत्या.

दोन्ही कार्डांचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के होता. साडेतीन हा आकडा छोटा वाटतो, पण वर्षाचे ते बेचाळीस होतात. १ लाख ९८ हजारांवर महिन्याचं व्याज झालं ६,९३० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के कर, म्हणजे १,२४७. हा कर अनेकांच्या लक्षात येत नाही. घराच्या किंवा पतसंस्थेच्या कर्जाच्या व्याजावर वस्तू व सेवा कर लागत नाही, पण क्रेडिट कार्डाच्या व्याजावर लागतो. दोन्ही मिळून महिन्याचे ८,१७७ रुपये नुसते वर जात होते. किमान देय रक्कम होती पाच टक्के, म्हणजे ९,९००. मी ९,९०० भरायचो तेव्हा मुद्दलातून कमी व्हायचे फक्त १,७२३ रुपये.

आणि तेवढे तरी कुठे कमी होत होते? त्याच महिन्यात त्याच कार्डावर गॅस, किराणा, मुलीच्या शाळेची फी असे चार-पाच हजार पुन्हा चढायचे. पगारातले ९,९०० कार्डाला गेले की महिनाअखेरीला हात रिकामा, मग पुन्हा कार्ड. महिनाभर भरून महिन्याच्या शेवटी देणं वाढलेलंच. शिवाय या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत नव्हती. कार्डाची जाहिरात करताना पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत सांगतात. ती मागचं बिल पूर्ण भरलेल्यालाच मिळते. मागची बाकी शिल्लक असली की ती मुदत संपते, आणि आज घेतलेल्या साखरेवरही आजपासून व्याज लागतं. म्हणजे आम्ही दोन वर्षं घरचा किराणा बेचाळीस टक्के दराने उधार घेत होतो.

नवी खरेदी एक रुपयाचीही केली नाही आणि फक्त किमान रक्कम भरत राहिलं, तर काय होईल? किमान रक्कम ही बाकीच्या टक्क्यांत असते. बाकी घटते तशी तीही घटते, आणि फेडीचा वेग आणखी मंदावतो. मी मांडून पाहिलं तर १ लाख ९८ हजारांचे निम्मे व्हायलाच पाच वर्षांहून जास्त लागत होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक बिलावर तसा इशाराही छापलेला असतो, की फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल. माझ्या बिलांवरही तो होता.

संध्याकाळी बायकोसमोर कागद ठेवला. ती म्हणाली, “मग आपण दर महिन्याला आठ हजार जाळतोय म्हणा की.” त्या रात्री आम्ही घरखर्च नव्याने मांडला. तो २३ हजारांत बसवायचा आणि १३ हजार कार्डांना द्यायचे. त्यासाठी भिशी बंद केली. ती महिन्याला २ हजारांची होती आणि आमचा नंबर नुकताच लागून गेला होता, त्यामुळे उरलेले हप्ते संपेपर्यंत पहिले दोन महिने फार ओढाताणीचे गेले. अण्णांची औषधं जेनेरिक दुकानातून आणायला लागलो, डॉक्टरांना विचारून. मुलीची शिकवणी बंद करायची नाही हे बायकोने आधीच बजावलं होतं आणि ती शेवटपर्यंत चालू राहिली.

दोन्ही कार्डं कपाटात गेली. फोनमधल्या खरेदीच्या ॲपांवर साठवलेले कार्डाचे नंबर काढून टाकले. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा महत्त्वाचं होतं, कारण आमची बरीचशी खरेदी कार्ड हातात न घेताच होत होती. बिल ओळीने वाचताना आणखी एक गोष्ट सापडली. दर महिन्याला दोनशेच्या आतबाहेर एक विम्याची रक्कम कापली जात होती. कधीतरी फोनवर कुणीतरी विचारलं असणार आणि ‘हो’ म्हटलं गेलं असणार. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय असा विमा देता येत नाही, आणि आपण सांगितलं की तो बंद करावा लागतो. मी ई-मेल पाठवून तो बंद करून घेतला. फोनवर सांगू नये, लेखीच सांगावं; पुढे तक्रार करायची वेळ आली तर हातात कागद लागतो.

१३ हजार दोन कार्डांत कसे वाटायचे? व्याजदर वेगळे असतील तर जास्त दराच्या कार्डाला जास्त द्यावं हा सरळ हिशेब आहे. माझे दोन्ही दर सारखेच होते, म्हणून मोठ्या कार्डाला त्याची किमान रक्कम ७,३०० आणि उरलेले ५,७०० धाकट्याला असं ठरवलं. एक खातं तरी लवकर मिटावं आणि पाठीमागची एक तारीख कमी व्हावी एवढाच त्यात हेतू होता. पैसे पगाराच्या दिवशीच भरायचे, शेवटच्या तारखेची वाट पाहायची नाही. कार्डाचं व्याज दिवसावर मोजतात, त्यामुळे लवकर भरण्यात थोडी बचत होते. पण खरं कारण हे की पगाराचे पैसे खात्यात राहिले की त्यांना वाटा फुटतात.

पहिला महिना संपायच्या आतच मी आमच्या सेवकांच्या पतसंस्थेत गेलो. महाराष्ट्रात शाळा-महाविद्यालयं, नगरपालिका, एसटी, कारखाने अशा ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या पतसंस्था असतात. मी नोकरीला लागलो तेव्हापासून सभासद होतो. आमच्या संस्थेचा साध्या कर्जाचा दर होता वर्षाला ११ टक्के, घटत्या शिलकीवर. म्हणजे कार्डाच्या दराच्या चौथ्या हिश्शाच्या जवळपास, आणि वर कर नाही. कमाल मर्यादा १ लाख ५० हजार.

संस्थेचे सचिव आमच्याच महाविद्यालयातून निवृत्त झालेले, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. त्यांनी माझा ताळा शांतपणे पाहिला आणि लगेच कर्ज द्यायला नकार दिला. म्हणाले, “आज मी दीड लाख दिले तर तुझं मोठं कार्ड रिकामं होईल. रिकामं झालेलं कार्ड वर्षभरात पुन्हा भरतं. मग तुझ्या डोक्यावर कार्डही आणि माझं कर्जही. असे चार सभासद मी पाहिलेत. आधी सहा महिने कार्ड न वापरता राहून दाखव. बिलं घेऊन ये.”

त्या दिवशी मला ते कठोर वाटलं. आज वाटतं, संपूर्ण तीन वर्षांत मला मिळालेला सगळ्यात मोलाचा सल्ला तो होता. स्वस्त कर्ज काढून महाग कर्ज फेडणं ही गोष्ट अनेकजण करतात आणि त्यातले बरेचसे फसतात ते इथेच. घरखर्च पगारात बसत नसेल तर कर्ज बदलून काही साधत नाही. रिकामी झालेली मर्यादा तो खर्च पुन्हा ओढून घेते. भाऊंनी घातलेली अट म्हणजे आमचा खर्च २३ हजारांत खरोखर बसतो की नाही याची परीक्षा होती.

ते सहा महिने सगळ्यात अवघड गेले. दिवाळी त्यातच आली. मुलीला कपडे घेतले, आम्ही घेतले नाहीत. बहिणीला भाऊबीजेला काय घालायचं यावरून मी दोन रात्री झोपलो नाही. शेवटी तिला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, “दादा, तू ओवाळून घ्यायला ये म्हणजे झालं.” या काळात कार्डवाल्या बँकेचेही फोन येत राहिले. बाकीचं हप्त्यांत रूपांतर करून देतो, दर कमी करतो, असं सांगायचे. ज्यांच्यामागे पतसंस्था नाही त्यांच्यासाठी हा मार्ग वाईट नाही. बेचाळीस टक्क्यांपेक्षा तो दर बराच खाली असतो. पण प्रक्रिया शुल्क किती, हप्त्यातल्या व्याजावर कर लागणार का (लागतो), मुदतीआधी फेडलं तर दंड किती, आणि हप्ते चालू असताना कार्डावर नवी खरेदी झाली तर तिला बिनव्याजी मुदत मिळेल का, ही चार उत्तरं लेखी मागावीत. मी मागितली, तेव्हा पुढचा फोन आला नाही.

आणखी एक वाट लोक सुचवायचे, ‘सेटलमेंट’ची. काही महिने काहीच भरायचं नाही, मग बँक स्वतःच निम्म्यावर मिटवायला तयार होते. होतेही काही वेळा. पण ते खातं पतमापन कंपन्यांच्या अहवालात ‘बंद’ असं न दिसता ‘सेटल्ड’ असं दिसतं, म्हणजे या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलं की ती नोंद आडवी येते. नोकरी गेली, आजारपणाने कंबर मोडली, भरणं खरोखर अशक्य झालं, तर तो शेवटचा उपाय आहे. ज्याचा पगार चालू आहे त्याने तो करू नये असं माझं मत आहे.

सहा महिन्यांत मी ७८ हजार रुपये भरले. देणं १ लाख ९८ हजारांवरून १ लाख ६५ हजार ९०० वर आलं. म्हणजे कमी झाले ३२ हजार, आणि व्याज व करात गेले ४६ हजार. मोठ्या कार्डावर उरले सुमारे १ लाख ३७ हजार ५००, धाकट्यावर २८ हजार ४००. सहा बिलांवर नव्या खरेदीची एकही ओळ नव्हती. ती सहाही बिलं घेऊन मी २०२२ च्या फेब्रुवारीत भाऊंसमोर बसलो.

कर्जाला दोन जामीनदार लागत होते. एक ग्रंथालयातले परिचर, दुसरे प्रयोगशाळा सहायक. दोघांना मी कार्डाची बिलं दाखवूनच सही मागितली. जामीनदार होणाऱ्याला कर्ज कशासाठी आहे हे कळायलाच हवं, कारण माझा हप्ता थकला तर तो त्यांच्या पगारातून कापला जाऊ शकतो. हप्ता माझ्या पगारातूनच परस्पर जाणार होता. सभासदाने करार करून दिला की मालकाने पगारातून कपात करून संस्थेला द्यायची, अशी तरतूद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ मध्ये आहे. पतसंस्थेला इतक्या कमी दराने कर्ज देणं परवडतं त्याचं एक मोठं कारण ही कपात आहे. वसुलीचा खर्च आणि धोका दोन्ही कमी होतात. आणि माझ्यासारख्याला तिचा फायदा हा, की हप्ता हातात येतच नाही.

कर्ज मंजूर झालं दीड लाख, तीस महिन्यांसाठी. नियमाप्रमाणे पाच टक्के, म्हणजे ७,५०० रुपये, माझ्या नावावर भाग म्हणून जमा झाले. हातात आले १ लाख ४२ हजार ५००. त्याच दिवशी मोठं कार्ड पूर्ण फेडलं आणि उरलेले पाच हजारांच्या आतले पैसे धाकट्यावर भरले. पतसंस्थेचा हप्ता बसला ५,७४२ रुपये. घरखर्च तोच २३ हजार, त्यामुळे धाकट्या कार्डासाठी महिन्याला ७,२५८ राहिले. चौथ्या महिन्यात, २०२२ च्या जूनमध्ये, तेही मिटलं.

मिटलं असं वाटतं तिथे एक खाचखळगा आहे आणि त्यात पुष्कळ लोक पडतात. बिलावरची सगळी रक्कम भरली तरी पुढच्या महिन्यात आणखी एक बिल येतं. बिल निघाल्याच्या तारखेपासून आपण पैसे भरलेल्या तारखेपर्यंतचं व्याज त्यात असतं. मोठ्या कार्डाचं असं बिल आलं तेव्हा माझी रक्कम मोठी होती म्हणून व्याजही दीड हजारांच्या वर होतं. धाकट्याचं आलं ते काही रुपयांचं. कार्ड फिटलं म्हणून बिल न उघडता टाकून दिलं, तर त्या चिल्लर रकमेवर विलंब शुल्क, त्यावर कर, आणि अहवालात थकबाकीची नोंद असा प्रवास सुरू होतो. म्हणून शेवटचा भरणा केल्यावर पुढची दोन बिलं शून्याची आली की मगच खातं मिटलं असं समजावं.

कार्ड बंद करण्याचा अर्जही लेखीच द्यावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार देणं पूर्ण फिटलेलं असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत खातं बंद करायला हवं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. बँकेने तक्रार ऐकली नाही किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. मी दोन्ही कार्डं बंद केली. एक ठेवावं, पतमापनाचा आकडा चांगला राहतो, असं काहींनी सांगितलं. ते खरंही असेल, पण आमच्या घराला तेव्हा त्या आकड्याची गरज नव्हती. पुढे अहवाल मागवला. चारही पतमापन कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा असतो. एका अहवालात धाकटं कार्ड अजून चालू दिसत होतं. बंद झाल्याचं पत्र जोडून तक्रार केली, तेव्हा ते दुरुस्त झालं.

जून २०२२ नंतर महिन्याचे ७,२५८ रुपये मोकळे झाले. आता प्रश्न आला, ते पतसंस्थेच्या कर्जात जादा भरून लवकर सुटायचं की साठवायचे? कर्जाचा दर ११ टक्के, बँकेतल्या आवर्ती ठेवीचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. कागदावरचा हिशेब सरळ सांगतो की कर्ज फेडा. मी तसं केलं नाही. आमचं देणं उधळपट्टीतून आलं नव्हतं, एका आजारपणाच्या दिवशी घरात रोख नव्हती म्हणून आलं होतं. तसा दिवस पुन्हा आला आणि घरात रोख नसेल तर पुन्हा तेच. म्हणून ४ हजारांची आवर्ती ठेव सुरू केली आणि बाकीचे घरखर्चाला सोडले, कारण वर्षभर आवळलेल्या घराला थोडा श्वास हवा होता.

२०२३ च्या पावसाळ्यात अण्णांना पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं. बिल झालं ३१ हजार. आवर्ती ठेवीचं वर्ष नुकतंच पूर्ण झालं होतं आणि तिचे जवळपास पन्नास हजार बचत खात्यात होते. मी ते बिल भरलं आणि घरी आलो. ना पाटल्या, ना हातउसनं, ना कार्ड. पतसंस्थेचा हप्ता त्या महिन्यातही नेहमीसारखा पगारातून गेला. त्या ठेवीऐवजी मी कर्ज लवकर फेडत बसलो असतो, तर व्याजाचे दोन-अडीच हजार वाचले असते आणि हे ३१ हजार पुन्हा कुठून तरी महाग दराने आणावे लागले असते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये तिसावा हप्ता गेला. मी पुन्हा एकदा ताळा घेतला. तीस महिन्यांत पतसंस्थेला व्याज गेलं २२ हजार २६०. त्याआधीच्या फक्त सहा महिन्यांत कार्डांना गेलं होतं ४६ हजार. म्हणजे दीड लाखाचं कर्ज अडीच वर्षं वापरायला जे पडलं, त्याच्या दुपटीहून जास्त मी कार्डांवर सहा महिन्यांत भरलं होतं, आणि तेही काटकसरीची कमाल करून. त्या सहा महिन्यांत आम्ही काही कमी झटलो नव्हतो. दिवाळीचे कपडे न घेता वाचवलेला रुपयाही बेचाळीस टक्क्यांच्या तोंडात गेला. फरक पडला तो दर बदलल्यावर.

हा दर कुणी खाली आणेल अशी आशा ठेवून थांबू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं की कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. कार्डाच्या व्याजाला आज तशी वरची मर्यादा नाही. तेव्हा तुमच्या कार्डावर मागची बाकी असेल तर या महिन्याचं बिल पूर्ण उघडा, व्याज आणि कर या दोन ओळी शोधा, त्यांची बेरीज तुम्ही भरलेल्या रकमेतून वजा करा. उरतं तेवढंच तुमचं मुद्दल फिटलं. मग ज्या पतसंस्थेचे तुम्ही नावापुरते सभासद आहात, तिच्या सचिवांना ती बिलं नेऊन दाखवा.